मेंथॉल-कापूरवाला लिप बाम आणि पुदिन्याचा स्क्रब: ओठ खरंच कोरडे होतात का?

प्रश्न: दोन वर्षांपासून मेंथॉल आणि कापूर असलेला लिप बाम वापरते आहे. लावला की छान गार वाटतं, पण तासाभरात ओठ पुन्हा ओढल्यासारखे होतात. सालं निघतात म्हणून हल्ली रोज रात्री पुदिन्याचा लिप स्क्रबही करते. या बाममुळेच ओठ जास्त कोरडे वाटत असतील का? की ओठांना त्याची सवय लागली आहे?

उत्तर:

हो, तुमच्या ओठांना जास्त कोरडं वाटण्यामागे हा बाम असण्याची शक्यता मोठी आहे, आणि रोजचा स्क्रब त्यात नक्कीच भर घालतोय. सवय मात्र ओठांना लागलेली नाही. गालाच्या किंवा नाकाच्या त्वचेत तेल तयार करणाऱ्या ग्रंथी भरपूर असतात, ओठांच्या लाल भागात त्या जवळजवळ नसतातच. त्यामुळे ‘बाम लावल्याने ओठांनी स्वतःचं तेल बनवणं सोडलं’ असं काही होत नाही. जे मुळात बनतच नव्हतं, ते बंद काय पडणार? पण बाम दर तासाला लावावासा वाटतो हे खरं आहे. त्याचं कारण मेंथॉल आपल्या मेंदूला काय सांगतं, यात आहे.

आपल्या त्वचेत ओलावा मोजणारी वेगळी यंत्रणा नाही. थंडी कळते, उष्णता कळते, स्पर्श आणि वेदना कळते, पण ‘ओलं’ हे थेट कळत नाही. गारवा आणि मऊ, सरकता स्पर्श हे दोन्ही एकदम आले की मेंदू त्यांची बेरीज करून ‘ओलं आहे’ असं ठरवतो. दोरीवरचे कपडे गार लागले की वाळलेत की नाहीत याबद्दल आपला गोंधळ होतो, तो याचमुळे. आता मेंथॉल काय करतं? थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंवर टीआरपीएम८ नावाचं एक प्रथिन असतं. तापमान खाली गेलं की ते उघडतं आणि मेंदूकडे ‘गार’ असा संदेश जातो. मेंथॉल हेच दार तापमान न बदलता उघडतं. २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांनी वेगवेगळं काम करत, मेंथॉलच्याच मदतीने हे प्रथिन शोधून काढलं. तापमान आणि स्पर्श कसा कळतो यावरच्या दोघांच्या एकूण कामाला २०२१ चं नोबेल मिळालं.

म्हणजे मेंथॉलवाला बाम लावल्यावर ओठांवर गारवा येतो आणि बामचा मऊ थरही येतो. मेंदूच्या हिशोबात ही ओलाव्याची पक्की खूण झाली. प्रत्यक्षात ओठात पाण्याचा एक थेंबही वाढलेला नसतो.

पुढचा भाग त्याहून महत्त्वाचा आहे. मेंथॉल आणि कापूर दोन्ही उडून जाणारे पदार्थ आहेत. उघड्यावर ठेवलेली कापराची वडी लहान होत होत नाहीशी होते, तसंच ओठावरच्या पातळ थरातूनही ते उडतात. शिवाय एकच संदेश सतत येत राहिला की मज्जातंतूही त्याला प्रतिसाद देणं कमी करतात. त्यामुळे मेण आणि तेलाचा थर ओठांवर शिल्लक असतानाच गारवा संपतो. गारवा संपला की मेंदूला वाटतं ओलावा संपला. तुमचं ‘तासाभरात पुन्हा ओढल्यासारखं’ बहुधा इथून सुरू होतं. तुम्ही कोरडेपणाला उत्तर म्हणून बाम लावत नाही, गारवा गेला म्हणून लावता, आणि ही दोन कारणं आतून अगदी सारखीच जाणवतात.

इथपर्यंत फक्त जाणिवेची गोष्ट झाली. आता ओठ खरोखर कोरडे होतात का, ते पाहू.

मेंथॉल ओठातलं पाणी शोषून घेतं असा एक समज आहे, तो बरोबर नाही. ते ओलावा ओढत नाही. पण त्वचेचा सर्वांत वरचा थर पाणी आत धरून ठेवतो तो पेशींमधल्या स्निग्ध पदार्थांच्या जोरावर, आणि मेंथॉल या स्निग्ध पदार्थांची घट्ट मांडणी सैल करतं. औषधं त्वचेतून आत जावीत म्हणून मलमांमध्ये मेंथॉल घालण्याचा विचार होतो, तो याच गुणामुळे. तळहातावर याने काही बिघडत नाही, तिथला थर जाड आहे. ओठांवर हा थर फार पातळ असतो आणि त्यातून पाणी गालाच्या त्वचेपेक्षा कितीतरी वेगाने उडत असतं. निरोगी ओठांवर थोडंसं मेंथॉल दिवसातून एक-दोनदा लागलं तर बहुतेकांना काहीच होत नाही. पण भेगा पडलेल्या, सालं निघालेल्या ओठांवर तेच मेंथॉल थेट उघड्या भागावर पडतं आणि बारीकसा दाह सुरू ठेवतं. दाह झालेली त्वचा वरचा थर घाईघाईने, कच्चा बनवते. कच्चा थर पाणी धरत नाही आणि लवकर सुटतो. आपण त्यालाच ‘सालं’ म्हणतो.

कापराचं काम थोडं वेगळं आहे. तो उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो आणि मग बधिर करतो, म्हणून आधी किंचित चुरचुरतं आणि नंतर बरं वाटतं. आग व्हायची थांबली म्हणजे जखम भरली असं नसतं. माझ्याकडे येणारे अनेक जण म्हणतात, ‘डॉक्टर, झोंबतं म्हणजे लागू पडतंय ना?’ ओठांच्या बाबतीत याचं उत्तर ठामपणे नाही. झोंबणं म्हणजे त्वचेचा अडसर तुटला आहे आणि पदार्थ मज्जातंतूंपर्यंत पोचतोय, एवढंच. ‘औषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बाममध्ये मेंथॉल-कापराबरोबर फिनॉल किंवा सॅलिसिलिक ॲसिडही असतं. सॅलिसिलिक ॲसिडचं कामच वरचा थर सुटा करण्याचं आहे, म्हणजे ज्याचा तुम्हाला त्रास आहे तेच. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी फाटलेल्या ओठांसाठी जे घटक टाळायला सांगते, त्यांत ही चारही नावं आहेत.

दुसरी बाजूही नीट मांडायला हवी. मेंथॉल असलेला प्रत्येक बाम वाईट नसतो, कारण ओठ वाचवण्याचं खरं काम त्यातलं मूळ स्निग्ध मिश्रण करतं. पेट्रोलियम जेली भरपूर असलेला बाम मेंथॉल असूनही पाणी अडवतो. कडक मेणाची, हलकी आणि ‘चिकट न वाटणारी’ कांडी असेल तर ओठांवर फारच पातळ थर बसतो. मग गारवा जास्त आणि राखण कमी, असा तो सौदा होतो.

आता एक गोष्ट, जी लोक स्वतःहून सांगत नाहीत, कारण ती त्यांना ठाऊकच नसते: ओठ चाटणं. पुदिन्याचा वास आणि किंचित गोड चव लागली की जीभ आपोआप बाहेर येते. लाळ क्षणभर ओलं करते, उडून जाताना ओठातलंही पाणी घेऊन जाते, आणि तिच्यात अन्न पचवणारी विकरं असतात, ती नाजूक त्वचेला टोचतात. माझ्या अनुभवात मेंथॉल स्वतः जेवढं नुकसान करतं, त्याहून जास्त ते चाटायला लावून करतं. आरशात पाहा. खालच्या ओठाच्या कडेबाहेर, जीभ जिथवर पोचते तिथवर लालसर किंवा काळपट पट्टा दिसतो का? दिसत असेल तर चाटण्याचा पुरावा तुमच्यासमोर आहे.

स्क्रबबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण चांगल्या हेतूने केलेलं सर्वांत मोठं नुकसान मी तिथे पाहते. ओठावरचं साल पूर्ण सुटलेलं नसतं. त्याची एक कड वर आलेली असते आणि बाकीचं खालच्या जिवंत थराला चिकटलेलं असतं. साखरेचे किंवा मिठाचे दाणे घासले की सुटी कड तर जातेच, पण चिकटलेला भागही ओढला जातो आणि खालचा, अजून तयार न झालेला थर उघडा पडतो. पहिले काही तास ओठ गुळगुळीत आणि गुलाबी दिसतात. तो गुलाबीपणा म्हणजे दाह आहे. त्यावर पुदिन्याचं तेल लागलं की गारव्यात दुखणंही झाकलं जातं, त्यामुळे आपण किती जोरात घासतोय याचा अंदाज राहत नाही. दुसऱ्या दिवशी उघडा पडलेला भाग घाईने कच्चा थर बनवतो, तो वाळतो, त्याची कड वर येते, आणि रात्री पुन्हा स्क्रब होतो. रोज खपली काढली तर जखम भरत नाही, इथेही तसंच आहे. ओठ फुगीर दिसावेत म्हणून दालचिनी, मिरची किंवा आल्याचा अर्क घातलेले स्क्रब तर मी फाटलेल्या ओठांना अजिबात लावू देत नाही. तो फुगीरपणा म्हणजे सूज असते.

एका रुग्णाची हकीकत सांगते, म्हणजे हे सगळं एकत्र कसं चालतं ते दिसेल. सव्विशीतली मुलगी, दिवसभर फोनवर बोलण्याचं काम. खालच्या ओठाच्या मधोमध सालं, कडेबाहेर लालसर पट्टा, तोंडाचे कोपरे मात्र स्वच्छ. तीन वेगवेगळे बाम वापरून झाले होते आणि तिन्हींत मेंथॉल किंवा पुदिन्याचं तेल होतं. आठवड्यातून चार-पाच वेळा स्क्रब. मी काही लिहून देण्याआधी तिला दोन दिवस वहीत फक्त रेघा मारायला सांगितल्या: बाम लावला की एक रेघ, ओठ चाटल्याचं लक्षात आलं की दुसऱ्या रकान्यात एक. पहिल्या दिवशी बामच्या सोळा रेघा झाल्या. ‘सहा-सात वेळा लावते’ असं ती मला म्हणाली होती. चाटण्याच्या रेघा त्याहून जास्त होत्या, आणि बहुतेक बाम लावल्यावर काही मिनिटांतल्या.

मग बाम आणि स्क्रब दोन्ही बंद केले आणि फक्त साधी, बिनवासाची, बिनचवीची पेट्रोलियम जेली ठेवली. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, ‘ओठ आधीपेक्षा वाईट वाटतायत.’ मी फोटो मागवला. ओठ दिसायला आधीपेक्षा बरे होते, लाली कमी होती. फक्त गारवा नव्हता, आणि गारव्याशिवायचे ओठ तिला कोरडे वाटत होते. इथेच बहुतेक जण हार मानतात आणि जुन्या बामकडे परततात, म्हणून हा तिसरा-चौथा दिवस मी आधीच सांगून ठेवते. सहाव्या-सातव्या दिवशी सालं आपोआप गळली. बाराव्या दिवशी ओठ शांत होते.

पण एवढ्याने दोष कुणाचा हे सिद्ध होत नाही, कारण आम्ही बाम, स्क्रब आणि बरंचसं चाटणं हे तिन्ही एकदम थांबवलं होतं. म्हणून दोन आठवड्यांनी फक्त जुना बाम परत आणला, दिवसातून दोनदा, स्क्रब नाही. दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवसापासून वहीतल्या चाटण्याच्या रेघा वाढल्या आणि पाचव्या दिवशी मधोमध पुन्हा साल दिसलं. तिच्या बाबतीत साखळी स्पष्ट झाली: चव, जीभ, साल. स्क्रब परत आणण्याची गरजच उरली नाही.

तुम्हीही हेच करून पाहा. चौदा दिवस मेंथॉल, कापूर, पुदिना, निलगिरी, दालचिनी यांपैकी काहीही ओठांना लावायचं नाही. वेष्टनावर ‘मेंथा पायपेरिटा’ किंवा ‘मेंथा अर्वेन्सिस’ लिहिलं असेल तर तेही पुदिन्याचंच कुळ आहे, आणि ‘नैसर्गिक’ लिहिल्याने त्यातलं मेंथॉल कमी होत नाही. पाण्याने ओठ भिजवायचे, टिपायचे, आणि किंचित ओलसर असतानाच काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढी पेट्रोलियम जेली दोन्ही ओठांवर पसरवायची. ती पाणी घालत नाही, असलेलं अडवते, म्हणून ओलसर ओठांवर लावणं महत्त्वाचं. दिवसा खाल्ल्या-प्यायल्यानंतर आणि झोपताना जरा जाडसर, असं पाच-सहा वेळा पुरतं. मध्येच ओढल्यासारखं वाटलं तर आधी बोट फिरवून पाहा: बोट सरकतंय का? सरकत असेल तर थर अजून आहे, आणि तुम्हाला आठवण येतेय ती गारव्याची. तेव्हा पुन्हा लावू नका.

सालं लोंबत असतील तर ओढू किंवा चावू नका. जेली लावून दहा मिनिटं थांबा, मग मऊ ओलं कापड नुसतं टेकवून उचला. जे येईल ते येऊ द्या. फार खुपणारी कड असेल तर स्वच्छ छोट्या कात्रीने तेवढीच कापा. दोन आठवडे टूथपेस्टही सौम्य चवीची ठेवा आणि दात घासून झाल्यावर ओठ नीट धुवा. पुदिन्याच्या तीव्र चवीची पेस्ट दिवसातून दोनदा ओठांना लागत असेल, तर बाम बंद करूनही मेंथॉल चालूच राहतं. ही गोष्ट डॉक्टरांच्याही नजरेतून निसटते.

चौदा दिवसांनी ओठ बरे झाले तर हवा असल्यास जुना बाम एकटाच परत आणून आठवडाभर पाहा. लावताच आग झाली किंवा काही दिवसांत हळूहळू सालं परतली, तर हा घटकाचा त्रास किंवा चाटण्याची साखळी आहे. ओठांना खाज आली, सूज आली, पुरळ ओठाबाहेरच्या त्वचेवर पसरलं, तर ॲलर्जीची शंका घ्यायला हवी. तेव्हा पुन्हा ओठांवर प्रयोग करू नका. तोच बाम हाताच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ, एकाच जागी दिवसातून दोनदा दहा-बारा दिवस लावून पाहा. तिथे पुरळ किंवा खाज आली की थांबा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढतात आणि साधारण दोन दिवसांनी जागा पुन्हा तपासतात, कारण अशी ॲलर्जी उशिराच दिसते. आपला बाम, स्क्रब आणि टूथपेस्ट सोबत न्या. बऱ्याचदा मेंथॉल निर्दोष निघतं आणि सुगंधी द्रव्य, लॅनोलिन, प्रोपोलिस किंवा एरंडेल तेल सापडतं. हातावर काही उठलं नाही म्हणून बाम ओठांना चालेलच असं मात्र नाही. हाताची त्वचा जाड असते, तिथे ॲलर्जी कळू शकते, नुसती चुरचुर कळेलच असं नाही.

चौदा दिवसांत काहीच फरक पडला नाही, तर कारण बाममध्ये शोधत बसू नका. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ कोरडे पडतातच, त्यात बामचा दोष नाही. फक्त तोंडाचे कोपरे चिरत असतील तर बहुतेकदा लाळ साचणं आणि त्यावर वाढलेली बुरशी किंवा जिवाणू कारण असतात, त्याला वेगळं औषध लागतं. आणि खालच्या ओठावर एकाच जागी खरखरीत, पांढरट चट्टा आठवड्यामागून आठवडे टिकला, ओठाची कड पुसट झाली, किंवा बरी न होणारी भेग राहिली, तर स्क्रब करून ती गुळगुळीत करायला जाऊ नका. वर्षानुवर्षांच्या उन्हाने ओठात असे बदल होतात, त्यांतून कर्करोग होऊ शकतो, आणि घासलेल्या ओठावर तपासणाऱ्याला ते नीट दिसत नाहीत. अशा वेळी ओठ आहेत तसेच घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

घरात लहान मूल असेल तर एवढं करा: कापूर असलेला बाम त्याच्या ओठांना लावू नका आणि डबी त्याच्या हाती लागेल अशी ठेवू नका. मुलं ओठावरचं सगळं चाटून खातात, आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात.